काउंटरवरचा नंबर

"ॲपच पाहिजे," डॉक्टर म्हणाले. "प्ले स्टोअरवर नाव टाकलं की दवाखाना दिसला पाहिजे. आत काय करायचं ते तुझं तू बघ."

बेळगावच्या टिळकवाडीत त्यांचा दातांचा दवाखाना आहे. खुर्ची एकच, डॉक्टर एकच, आणि काउंटरवर अक्का. अक्का गेली कित्येक वर्षं एका लांबट वहीत पेन्सिलीनं नंबर लावतात. वहीच्या पानावर पट्टीनं आखलेल्या अर्ध्या अर्ध्या तासाच्या ओळी असतात. दात साफ करायला एक ओळ, रूट कॅनालला दोन ओळी, आणि "नुसतं दाखवायला" आलेला माणूस दोन ओळींच्या मधल्या जागेत, बारीक अक्षरात. पेन्सिलच का, हे मी पहिल्याच दिवशी विचारलं. त्या म्हणाल्या, "खोडायला लागतंय की गं."

मला या वहीच्या जागी काहीतरी करून द्यायचं होतं. पुण्याची नोकरी सोडून वडगावात परत आल्यापासून मी अशीच कामं करते. साडीच्या दुकानाचा साठा, क्लासची फी, मंगल कार्यालयाच्या तारखा. ही माणसं पैसे एकदाच देतात, आणि पुढं दोन वर्षांनी काही बिघडलं तर फोन मात्र मलाच येतो. त्यामुळं काय बांधायचं यापेक्षा पुढं काय सांभाळत बसावं लागेल, याचा विचार मी आधी करायला शिकले आहे.

तर प्रश्न असा. पेशंटनं फोनवरून नंबर लावायचा, तर त्यासाठी प्ले स्टोअरवरून उतरवून घ्यायचं ॲप करायचं, की वेबपान करायचं? साधं पान नव्हे. ज्याला 2015 मध्ये ॲलेक्स रसेल आणि फ्रान्सिस बेरिमन यांनी "प्रोग्रेसिव्ह वेब ॲप" असं नाव दिलं तसलं. म्हणजे लिंक दाबली की उघडणारं, पण हवं असेल तर होम स्क्रीनवर आयकॉन होऊन बसणारं, आणि नेट नसतानाही काही प्रमाणात चालणारं.

डॉक्टरांना हो-नाही काही न म्हणता मी दोन दिवस काउंटरच्या मागं स्टुलावर बसले आणि जुन्या वह्या चाळल्या. दातांच्या दवाखान्यात माणूस कसा येतो ते वहीत अगदी स्वच्छ दिसतं. दात ठणकायला लागला की एकदा येतो. मग रूट कॅनालच्या दोन-तीन बैठका, आठवड्या-दहा दिवसांच्या अंतरानं. मग कॅप बसवायला एकदा. आणि त्यानंतर नाव गायब. दीड-दोन वर्षांनी परत, तेही बायकोला किंवा पोराला घेऊन. एका महिन्यात चार वेळा आणि मग दोन वर्षं नाही, असं ज्याचं येणं आहे त्याच्या फोनात आपलं ॲप टिकेल काय? माझ्या आत्याच्या फोनात शुभ सकाळच्या फुलांनी जागा इतकी भरलेली असते की नातवाचा फोटो काढायचा तरी काहीतरी पुसावं लागतं. पुसायची वेळ आली की पहिला बळी दातांच्या डॉक्टरच्या ॲपचा.

पण वहीत दुसरंही एक माणूस होतं, जे मी आधी धरलंच नव्हतं. अक्का. त्या हेच काम दिवसातून साठ-सत्तर वेळा करतात. फोन उचलतात, वही बघतात, लिहितात, खोडतात. म्हणजे नंबर लावणारे लोक दोन जातीचे. एक वर्षातून चारदा येणारे शेकडो, आणि एक रोज सत्तर वेळा लावणारी बाई. "ॲप की वेब" हा प्रश्न मी एकच समजत होते, तो इथं दोन झाला.

आता प्ले स्टोअरचं गणित. पैसा फार नाही. गुगलकडं खातं उघडायचे एकदाच 25 डॉलर. ॲपलकडं मात्र दरवर्षी 99 डॉलर. त्रास दुसरीकडं आहे. 13 नोव्हेंबर 2023 नंतर उघडलेलं वैयक्तिक खातं असेल, तर गुगल ॲप थेट दुकानात मांडू देत नाही. आधी बंद चाचणी करावी लागते. सुरुवातीला वीस माणसं लागायची, 2024 च्या शेवटी ती बारा केली. या बारा जणांनी सलग 14 दिवस चाचणीत राहायचं. मी एकदा दुसऱ्या कामासाठी हे केलंय. मामेभाऊ, वहिनी, शेजारचा पोरगा, क्लासमधल्या तिघी, असे जमवले. नवव्या दिवशी एका भावानं "फोन हँग होतोय" म्हणून बाहेर उडी मारली. माझे मोजून बाराच होते. परत शोधाशोध.

आणि एवढं करून ॲप वर गेलं तरी ते तिथं नुसतं पडून राहत नाही. अँड्रॉइडची नवी आवृत्ती आली की ठरावीक मुदतीत आपलं ॲप तिच्यासाठी जुळवून पुन्हा चढवावं लागतं. नाहीतर नवा फोन घेतलेल्या माणसाला ते दुकानात दिसेनासं होतं. दवाखान्यात काहीही बदललेलं नसतं, तरी दरवर्षी हे काम निघतं. त्याचे पैसे डॉक्टर देणार नाहीत, आणि मागायला मलाही लाज वाटेल.

म्हणून मी वेबपान बांधलं. डॉक्टरांना सांगितलं, "आधी हे चालवून बघू, प्ले स्टोअरचं नंतर." ते फारसे खूष नव्हते.

काउंटरवर एक क्यूआर कोड चिकटवला. पहिल्याच आठवड्यात कळलं की आपण घरी बसून जे गृहीत धरतो ते बाकावर बसलेल्या माणसांच्या फोनात नसतं. क्रोममध्ये पान उघडलं आणि माणसानं थोडा वेळ घालवून एकदा तरी कुठं दाबलं, की "इन्स्टॉल करा" असं विचारता येतं. त्यासाठी ब्राउझर `beforeinstallprompt` नावाची खूण पाठवतो, ती आली की मी बटण दाखवते. पण काही फोनांत कोड स्कॅन केला की फोनबरोबर आलेला कंपनीचाच ब्राउझर उघडायचा. तिथं ही खूण कधी यायचीच नाही. आयफोनच्या सफारीतही ती येत नाही. तिथं माणसानं स्वतः शेअरचं बटण दाबून खाली "Add to Home Screen" शोधायचं. ते कुणी शोधत नाही.

मला आधी वाईट वाटलं. मग अक्कांच्या बाजूला बसून बघत राहिले. ज्यांना इन्स्टॉलचं बटण दिसलं नाही त्यांचा नंबर लागला नाही काय? लागला. नाव, फोन, काय त्रास आहे, कुठली वेळ, झालं. आयकॉन बसला काय आणि नाही बसला काय, पान आपलं काम करत होतं. वर्षातून चारदा येणाऱ्या माणसाला एवढंच हवं असतं. दुकानातल्या ॲपला इन्स्टॉल ही पायरी चढल्याशिवाय आत येऊच देता येत नाही. माझ्या पानाला ती पायरी शेवटी आहे, आणि न चढता जाणारेच जास्त.

आयकॉनवरून आठवलं. पान तीन भाषांत आहे, मराठी, कन्नड, इंग्रजी. चंदगडकडचे मराठी वाचतात, बैलहोंगलचे कन्नड, आणि कॅम्पातले इंग्रजी. पण होम स्क्रीनवर बसणाऱ्या आयकॉनची माहिती `manifest.json` या एका फाइलीत असते आणि तिच्यात नाव एकच लिहायचं असतं. प्रत्येक भाषेची वेगळी फाइल करून देता येते, पण एकदा आयकॉन बसला की माणसानं आत भाषा बदलली तरी खालचं नाव तेच राहतं. पाटी कुठल्या भाषेत, हा वाद बेळगावात आयकॉनच्या खालीसुद्धा येईल असं वाटलं नव्हतं. मी फक्त दाताचं चित्र आणि डॉक्टरांचं आडनाव ठेवलं, इंग्रजीत. कुणीच तक्रार केली नाही, म्हणजे कुणालाच आवडलं नसावं.

आता जिथं मी खरंच चुकले ते सांगते.

वेबपानाबद्दल लोकांची पहिली शंका असते नेट नसलं तर काय. खानापूरच्या जंगलपट्ट्यात, जांबोटीच्या पुढं कणकुंबीकडं गेलं की पावसाळ्यात नेटचा भरवसा नाही. वाऱ्यानं लाईट गेली की टॉवरही लंगडतो. त्या बाजूचे पेशंट डॉक्टरांकडं बरेच आहेत. म्हणून मी हौसेनं सगळं ऑफलाइन चालेल असं केलं. यासाठी सर्व्हिस वर्कर नावाचा एक छोटा प्रोग्राम ब्राउझरात बसतो. पान आणि इंटरनेट यांच्यामध्ये तो दारवानासारखा उभा असतो. कुठलीही मागणी त्याच्याकडून जाते. आपल्याजवळ प्रत असली तर तीच देतो, नाहीतर बाहेरून आणतो. नेट नसताना भरलेला फॉर्मही तो जपून ठेवतो आणि नेट आलं की पाठवतो. अँड्रॉइडच्या क्रोममध्ये हे पान बंद असतानाही होतं.

ऐकायला छान आहे. ऑगस्टमधल्या एका सकाळी कणकुंबीकडची एक आजी नातवाला घेऊन आली. पोराची दाढ किडलेली, गाल सुजलेला. अकराचा नंबर आहे म्हणाली. वहीच्या जागी आता अक्कांच्या टॅबवर माझं पान होतं, आणि त्यात अकराला शहापूरच्या एका बाईंचं नाव होतं. बाई येऊन बसल्याही होत्या. नातवानं फोन काढून दाखवला. स्क्रीनवर माझ्याच अक्षरांत लिहिलेलं, "आपला नंबर लागला आहे, गुरुवार, 11.00."

अक्कांनी माझ्याकडं बघितलं. काही बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

डॉक्टरांनी दोघांनाही बघितलं, दुपारचं जेवण पुढं ढकलून. मी घरी येऊन सर्व्हरची नोंदवही काढली. त्या पोराच्या फोनची मागणी आदल्या दिवशी संध्याकाळी सर्व्हरवर आली होती आणि सर्व्हरनं तिला 409 असं उत्तर दिलं होतं. 409 म्हणजे तुमची मागणी आधीच्या कशाशी तरी भिडतेय, ही वेळ दुसऱ्याला गेलीय. सर्व्हर बरोबर वागला होता. एकाच वेळेवर दोन नावं बसू नयेत असं कुलूप मी डेटाबेसमध्येच घातलं होतं. मग घोटाळा कुठं झाला?

घोटाळ्याच्या तीन कड्या होत्या आणि तिन्ही मीच घातलेल्या. पोरानं दुपारी फॉर्म भरला तेव्हा नेट नव्हतं. दारवानानं त्याला मोकळ्या वेळांची यादी दाखवली, पण ती परवाची प्रत होती. परवा अकराची वेळ मोकळी होती, मधल्या काळात बाईंनी घेतली. ही पहिली कडी. पोरानं अकरा दाबले, फॉर्म फोनातच जपून ठेवला गेला, आणि पानानं उत्साहानं "नंबर लागला" असं लिहून टाकलं. ही दुसरी, आणि सगळ्यात वाईट. संध्याकाळी नेट आलं, फॉर्म गेला, 409 आलं, आणि ते ऐकायला पान उघडंच नव्हतं. ही तिसरी. यात एक बारीक खोच आहे. मागणी पाठवणाऱ्या `fetch` च्या दृष्टीनं 409 हे अपयश नव्हेच. सर्व्हरपर्यंत पोचलं आणि उत्तर आलं म्हणजे काम झालं. तो फक्त नेट तुटलं तरच हाय खातो. म्हणून दारवानानं समाधानानं तो कागद फाडून टाकला.

आधी मी यादीचा प्रश्न सोडवला. मोकळ्या वेळांची मागणी आली की दारवानानं बाजूला व्हायचं, स्वतःजवळची प्रत द्यायचीच नाही.

```js
self.addEventListener('fetch', (e) => {
  const url = new URL(e.request.url);
  if (url.pathname.startsWith('/api/')) return;
  e.respondWith(
    caches.match(e.request).then((r) => r || fetch(e.request))
  );
});
```

मोकळ्या वेळांची मागणी `/api/` ने सुरू होते. तिला `respondWith` न म्हणता नुसतं परत फिरलं की ती सरळ नेटकडं जाते. ब्राउझरची स्वतःचीही एक साठवण असते, म्हणून सर्व्हरच्या उत्तरावर `Cache-Control: no-store` असंही लावलं. बाकी पानाचा सांगाडा, अक्षरं, चित्रं यांची प्रत राहू दिली, त्यांना शिळेपणाचा त्रास नाही. तुमच्या पानात असं काही चाललंय काय हे बघायचं तर संगणकावरच्या क्रोममध्ये डेव्हलपर टूल्स उघडून Network मध्ये जा. ज्या ओळीपुढं आकाराच्या जागी ServiceWorker असं लिहिलेलं दिसेल, ते उत्तर दारवानाच्या हातून आलेलं आहे. मोकळ्या वेळांच्या ओळीपुढं ते दिसता कामा नये.

पण खरा बदल कोडात नव्हता. मी नेट नसताना नंबर लावायची सोयच काढून टाकली. आता नेट नसलं की पान सांगतं, "नेट नाही. नंबरासाठी फोन करा," आणि खाली अक्कांना फोन लावणारं मोठं बटण. जिथं डेटा रांगतो तिथं साधा कॉल बऱ्याचदा लागतो. "नंबर लागला" हे शब्द सर्व्हरकडून टोकन क्रमांक आल्याशिवाय पडद्यावर येतच नाहीत, तोवर "पाठवतोय" एवढंच.

हे करताना माझ्या डोक्यातली एक गाठ सुटली. नेट नसताना चालतं म्हणून दुकानातलं ॲप बरं, असं लोक म्हणतात. पण ॲप असतं तरी त्या आजीचं हेच झालं असतं. मोकळी वेळ ही काही फोनातली वस्तू नाही. ती काउंटरवरची आहे, एकच आहे आणि तिच्याकडं शंभर जण हात करून आहेत. फोनात तिची नुसती बातमी असते, आणि बातमी शिळी होते. टिपणवही, पाढे, नकाशा ही माणसाची स्वतःची गोष्ट असते, ती ऑफलाइन चालवता येते. नंबर नाही. नेट नसताना नंबराच्या पानानं एवढंच करावं, की आधी पक्का झालेला तुमचा स्वतःचा नंबर, दवाखान्याचा पत्ता, वेळा आणि फोन दाखवावा. ते माझं पान दाखवतं.

त्यातही आयफोनची एक मेख आहे. 2020 पासून सफारी, माणूस सफारी वापरत असून सात दिवस आपल्या पानाकडं फिरकला नाही, तर पानानं तिथं साठवलेलं सगळं झाडून टाकते. होम स्क्रीनवर बसवलेल्याला हा झाडू लागत नाही. रूट कॅनालची पुढची बैठक दहा दिवसांनी असते. म्हणजे दहाव्या दिवशी रस्त्यात नेट नसताना माणूस पान उघडणार आणि तिथं काहीच नसणार. म्हणून नंबर लागल्यावर "व्हॉट्सॲपवर स्वतःला पाठवा" असं बटण दिलं. तो मेसेज कोणी झाडत नाही.

दुरुस्ती चढवली त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. अक्कांसाठी मी त्यात एक नवं बटणही घातलं होतं, "नुसतं दाखवायला" वाल्यांचं, वहीतल्या बारीक अक्षरांच्या जागी. अक्का म्हणाल्या, बटण कुठाय? मी म्हटलं, पान बंद करून उघडा. त्यांनी आयकॉन दाबला, बटण नाही. चार दिवस झाले तरी नाही. टॅब घरी आणून तारेनं संगणकाला जोडला तेव्हा दिसलं. नवा सर्व्हिस वर्कर येऊन बसला होता, पण त्याच्यापुढं लिहिलेलं, `waiting to activate`. म्हणजे रांगेत. नियम असा की जुना दारवान ज्या पानांकडं बघतोय ती सगळी बंद झाल्याशिवाय नवा कामावर चढत नाही, अर्ध्यातच दोन जण दोन तऱ्हेचं सांगू लागू नयेत म्हणून. आणि अक्का टॅबवरचं पान कधीच बंद करत नाहीत. रात्री त्या फक्त स्क्रीन विझवतात. आयकॉन दाबला की तेच पान पुढं येतं.

यावर एका ओळीचा उपाय आहे. `skipWaiting` म्हणून नव्याला धक्का देऊन पुढं ढकलायचं आणि पान ताजं करायचं. मी तो तसाच घातला नाही. अक्का एका कानाला फोन लावून पेशंटचं नाव अर्धं टाइप करत असताना पान आपोआप ताजं झालं तर नाव उडेल. म्हणून दर अर्ध्या तासानं पान स्वतःच नवीन काही आलंय काय ते विचारतं, आलं असेल तर खाली एक पिवळी पट्टी दाखवतं, "नवीन पान आलंय, सवड झाली की दाबा." अक्का दुपारी पेशंट संपले की दाबतात. त्यांच्यासाठी हे पान होम स्क्रीनवर बसवलेलं आहे, पूर्ण पडद्यावर उघडतं, वर पत्त्याची पट्टी नाही. त्यांना ते ॲपच वाटतं. रोज सत्तर वेळा वापरणाऱ्या माणसाला ते ॲप असायलाच पाहिजे, आणि त्यासाठी प्ले स्टोअर लागलं नाही.

हेच दुकानातलं ॲप असतं तर दुरुस्ती पेशंटांच्या फोनापर्यंत कधी पोचली असती? कुणाचं अपडेट वायफायसाठी अडून, कुणाचं जागेसाठी. जुनं ॲप महिनोन्‌महिने फोनात राहतं आणि सर्व्हरला त्याच्याशीही जुन्या भाषेत बोलत राहावं लागतं. माझं रांगेत अडकलेलं पान चार दिवसांत सुटलं.

राहता राहिली आठवण. डॉक्टरांचा ॲपसाठीचा खरा मुद्दा हाच होता, आणि तो खोटा नाही. लोक नंबर लावतात आणि विसरतात, मग खुर्ची तासभर रिकामी. "ॲप असलं की टिंग वाजेल," ते म्हणाले. वेबपानालाही टिंग वाजवता येते. अँड्रॉइडच्या क्रोममध्ये परवानगी दिली की येते. आयफोनवर मार्च 2023 च्या 16.4 आवृत्तीपासून येते, पण पान होम स्क्रीनवर बसवलेलं असेल तरच, आणि वर सांगितलं तसं ते कुणी बसवत नाही. ॲपची टिंग तेवढी अडत नाही हे मान्य. तरी अँड्रॉइड 13 पासून ॲपलाही परवानगी मागावी लागते, आणि बॅटरी वाचवणारे फोन बरीच दिवस न उघडलेल्या ॲपला झोपवून ठेवतात. दहा दिवसांनी एकदा वाजायची टिंग नेमकी अशा झोपलेल्या ॲपकडूनच येणार.

एसएमएस सगळ्यांना पोचतो. पण आपल्याकडं धंद्याचा एसएमएस पाठवायचा तर दूरसंचार कंपन्यांच्या डीएलटी नोंदणीत दवाखान्याचं नाव, पाठवणाऱ्याचं नाव आणि मजकुराचा साचा आधी मंजूर करून घ्यावा लागतो. एका खुर्चीच्या दवाखान्याला तो पसारा नको वाटला.

शेवटी मी अक्कांच्या पानावर "उद्याचे" अशी एक यादी केली. प्रत्येक नावापुढं दोन बटणं. एक कॉलचं, दुसरं व्हॉट्सॲपचं, ज्यात तारीख-वेळ भरलेला मेसेज तयार उघडतो आणि अक्का फक्त पाठवतात. कुठल्या भाषेत ते पेशंटनं फॉर्ममध्ये कुठली भाषा निवडली त्यावरून. संध्याकाळी पाऊण तासात त्यांची यादी संपते. म्हाताऱ्या पेशंटांना त्या फोनच करतात. "उद्या येणार नव्हं? काल सांगितलेली गोळी खाऊन या." गोळीचं माझ्या यादीत कुठंच नाही, ते त्यांच्या डोक्यात असतं. रिकामी खुर्ची कमी झाली असं डॉक्टर म्हणतात. ते टिंगनं झालं की अक्कांच्या फोननं, यावर मी वाद घालत नाही.

स्वतः डॉक्टरांच्या आयफोनवर मात्र मी पान होम स्क्रीनवर बसवून दिलं, परवानगीही दाबून घेतली. त्यांना रोज सकाळी आठला दिवसाची यादी टिंग वाजवत येते. त्या दिवसापासून ते त्याला "आपलं ॲप" म्हणतात.

तरी प्ले स्टोअर डोक्यातून गेलेलं नाही. परवा परत विचारलंच. मी म्हटलं, होईल. हेच पान एका पातळ खोक्यात घालून दुकानात मांडता येतं, गुगलचीच बबलरॅप नावाची सोय आहे. आत चालतं ते पानच, म्हणून दुरुस्ती एकाच जागी करायची. खोकं आणि पान एकाच मालकाचं आहे हे पटवायला सर्व्हरवर `/.well-known/assetlinks.json` अशी फाइल ठेवावी लागते, त्यात ॲपच्या सहीचा ठसा. तिथं लोक एक चूक हमखास करतात. आपण चढवताना वापरलेल्या किल्लीचा ठसा लिहितात, पण दुकानातून बाहेर पडताना ॲपवर गुगल स्वतःच्या किल्लीनं सही करतं. ठसा जुळला नाही की ॲपच्या डोक्यावर ब्राउझरची पत्त्याची पट्टी दिसायला लागते. फाइल मी तयार करून ठेवलीय. ठशाची जागा अजून मोकळी आहे, तो खातं उघडल्यावरच मिळेल.

आणि खातं डॉक्टरांच्याच नावानं उघडायचं, हे मी आधीच सांगून टाकलंय. उद्या मी नसले तरी दवाखान्याची गोष्ट दवाखान्याकडं राहावी. त्यासाठी त्यांच्या कार्डावरून 25 डॉलर जाणार आणि बारा माणसं 14 दिवसांसाठी लागणार. कार्ड डॉक्टरीणबाईंकडं असतं. बारा जणांत अक्कांनी स्वतःचं, मुलीचं आणि समोरच्या झेरॉक्सवाल्याचं नाव घातलंय. नऊ जण अजून पाहिजेत.